तीन-वीसची वाट कशाला बघायची? इंट्राडे पोझिशन आणि ब्रोकरचं घड्याळ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा ज्यांच्याकडे ऑडिओ लोड होईपर्यंत चहा गार होतो, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

जव्हारहून एका श्रोत्याने प्रश्न पाठवला होता. प्रश्न छोटा आहे, पण त्यात बरंच काही दडलंय. तो विचारतो, "दादा, आमच्याकडे दुपारी कधीही रेंज जाते. पण इंट्राडे घेतलं असेल तर ब्रोकर संध्याकाळच्या आत आपोआप विकतोच ना? मग रेंज गेली काय नि राहिली काय, टेन्शन कशाला घ्यायचं?"

अर्धं बरोबर आहे. ब्रोकर विकतो. पण तो कधी विकतो, कोणत्या भावाला विकतो, त्याचे किती पैसे घेतो आणि कधी त्यालाही विकता येत नाही, हे चार प्रश्न बाकी राहतात. आज तेवढंच बघू.

आधी घड्याळ समजून घेऊ

शेअर बाजार सकाळी 9:15 ला सुरू होतो आणि दुपारी 3:30 ला बंद होतो. इंट्राडे म्हणजे ज्या दिवशी घेतलं त्याच दिवशी विकायचं, किंवा आधी विकलं असेल तर त्याच दिवशी परत घ्यायचं. ॲपमध्ये ऑर्डर टाकताना बऱ्याच ठिकाणी `MIS` किंवा `Intraday` असा पर्याय दिसतो, तो हाच.

या पर्यायात ब्रोकर तुम्हाला तुमच्या पैशांपेक्षा मोठा सौदा करू देतो. सेबीचे मार्जिनचे नियम सप्टेंबर 2021 पासून पूर्णपणे लागू झाले. तेव्हापासून शेअरमध्ये जास्तीत जास्त पाचपट मिळतं, म्हणजे खिशात 10,000 असतील तर 50,000 चे शेअर. काही शेअरला याहूनही कमी मिळतं.

आता ब्रोकरच्या खुर्चीत बसून विचार करा. 3:30 वाजले आणि तुमचे 50,000 चे शेअर तसेच राहिले, तर तो सौदा डिलिव्हरीचा होतो. म्हणजे पूर्ण पैसे भरायचे आणि शेअर घरी न्यायचे. तुमच्याकडे तर 10,000 च आहेत. उरलेले 40,000 द्यायची जबाबदारी ब्रोकरवर येते. म्हणून तो बाजार बंद व्हायच्या आधीच एक वेळ ठरवतो आणि त्या वेळेला उघड्या असलेल्या सगळ्या इंट्राडे पोझिशन स्वतः बंद करायला घेतो. यालाच ऑटो स्क्वेअर-ऑफ म्हणतात.

ही वेळ एक्सचेंज ठरवत नाही, ब्रोकर ठरवतो. कुणाकडे 3:15, कुणाकडे 3:20, कुणाकडे त्याच्या थोडी मागेपुढे. शेअरची वेगळी, ऑप्शनची वेगळी, कमोडिटीची आणखी वेगळी. बाजारात गडबड असेल तर ब्रोकर आधीही बंद करू शकतो, तसं त्याने अटींमध्ये लिहिलेलं असतं. म्हणून मित्र सांगतो ती वेळ धरू नका. त्याचा ब्रोकर वेगळा असेल. आपल्या ब्रोकरच्या मदत विभागात जाऊन ती वेळ एकदा स्वतः वाचा.

अजून एक गोष्ट. वेळेच्या आधीही पोझिशन जाऊ शकते. भाव उलटा गेला आणि तोट्याने तुमच्या मार्जिनचा मोठा भाग खाल्ला, तर ब्रोकर दुपारी बारालाही सौदा कापतो. पण आजचा विषय घड्याळाचा आहे, तिकडेच राहू.

त्या मिनिटाला नेमकं काय होतं

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला यातली यंत्रणा जास्त रंजक वाटते. तिथे कुणी माणूस बसून तुमचा चार्ट बघत नसतो. ब्रोकरच्या रिस्क विभागाची सिस्टीम दोन कामं करते. आधी तुमच्या पडून असलेल्या ऑर्डर रद्द करते. यात तुमचा टार्गेटही आला आणि स्टॉप-लॉसही आला. मग उरलेल्या संख्येएवढी उलटी ऑर्डर टाकते, साधारणपणे मार्केट ऑर्डर. मार्केट ऑर्डर म्हणजे "भाव काय ते विचारत नाही, समोर जो घेणारा आहे त्याला दे".

तुमच्यासारखे हजारो लोक त्याच वेळी त्याच रांगेत असतात. मोठ्या, भरपूर उलाढालीच्या शेअरमध्ये याचा फरक फार जाणवत नाही. पण कमी उलाढालीच्या शेअरमध्ये समोर घेणारे मोजकेच असतात आणि मार्केट ऑर्डर एकेक पायरी खाली उतरत जाते.

एक हिशेब मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण प्रमाण खरं आहे.

खिशात 10,000. पाचपट मार्जिनवर 250 रुपयांचे 200 शेअर घेतले, म्हणजे 50,000 चा सौदा. दुपारी 3:05 ला भाव 251.50 आहे. तेव्हा विकलं तर 300 रुपये नफा दिसतो. यातून ब्रोकरेज, एसटीटी, एक्सचेंजचा खर्च, स्टॅम्प ड्युटी, जीएसटी असं सगळं मिळून साधारण 53 रुपये जातील, असं धरू. हातात 247 राहतात.

आता विकलं नाही, ब्रोकरवर सोडलं. तोपर्यंत भाव जरा उतरला. 3:20 ला समोर घेणारे असे आहेत:

60 शेअर 250.40 ला,
80 शेअर 250.30 ला,
60 शेअर 250.10 ला.

मार्केट ऑर्डर तिन्ही पायऱ्या उतरली. एकूण 50,054 रुपये मिळाले. नफा उरला 54. त्यातून नेहमीचे 53 गेले. आणि वर ऑटो स्क्वेअर-ऑफचा दंड. बऱ्याच डिस्काउंट ब्रोकरकडे तो 50 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 59 रुपये असतो. शेवटी हातात काय? उणे 58.

247 आणि उणे 58, फरक 305 रुपयांचा. पण तो सगळा ब्रोकरच्या माथी मारू नका, कारण त्याचे तीन वेगळे तुकडे आहेत. पहिला, 3:05 ते 3:20 मध्ये भाव उतरला त्याचे 220 रुपये. हा बाजाराचा खेळ होता, तो वरही गेला असता. दुसरा, पायऱ्या उतरण्याचे 26 रुपये. तिसरा, दंडाचे 59. शेवटचे दोन मिळून 85 रुपये होतात आणि ते थांबण्याची किंमत आहेत. त्यातले 59 तर भाव कुठेही गेला तरी द्यायचेच.

59 रुपये म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण 200 शेअरवर ते प्रत्येक शेअरला जवळजवळ 30 पैसे पडतात. आणि हा दंड सौद्याच्या आकारावर नसतो. दोन लाखांच्या सौद्याला 59 आणि पाच हजारांच्या सौद्यालाही 59. म्हणजे ज्याचं भांडवल छोटं, त्यालाच तो जास्त चावतो. महिन्यात दहा वेळा झालं तर 590 गेले. दहा हजारांच्या खात्यात हे जवळपास सहा टक्के झाले.

जेव्हा ब्रोकरलाही बंद करता येत नाही

आता श्रोत्याच्या प्रश्नातला "विकतोच ना" हा भाग. नेहमी नाही.

समजा तुम्ही आधी विकलंय, भाव पडेल या आशेने. भाव पडला नाही, उलट शेअर अप्पर सर्किटला जाऊन अडकला. आता विकणारा कुणीच नाही. ब्रोकरची खरेदीची ऑर्डर जाते आणि रांगेत पडून राहते. 3:30 वाजतात. तुम्ही विकलेले शेअर तुमच्याकडे नाहीत, पण समोरच्याला ते द्यायचे आहेत. मग एक्सचेंज दुसऱ्या दिवशी लिलाव करून ते शेअर बाजारातून आणतं आणि त्याची किंमत तुमच्याकडून वसूल होते. लिलावात भाव आदल्या बंद भावापेक्षा बराच वर, 20 टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतो. पाचपट सौद्यावर 20 टक्के म्हणजे तुमचं पूर्ण भांडवल.

उलट बाजूने, घेतलेला शेअर लोअर सर्किटला अडकला तर घेणारा मिळत नाही. मग ते शेअर डिलिव्हरीत येतात आणि बाकीचे 40,000 भरायची वेळ येते.

ज्या शेअरमध्ये फ्युचर-ऑप्शन चालतात त्यांना असं ठरलेलं सर्किट नसतं, म्हणून तिथे हा धोका फार कमी. छोट्या शेअरमध्ये "आधी विका, मग घ्या" करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायचं. तिथे 3:20 ची हमी कुणीच देत नाही.

24 फेब्रुवारी 2021: घड्याळच हललं तो दिवस

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. 24 फेब्रुवारी 2021 ला सकाळी 11:40 ला एनएसईवरचे व्यवहार थांबले. टेलिकॉम लिंकमध्ये बिघाड झाला आणि त्याचा फटका एक्सचेंजच्या रिस्क मॅनेजमेंट सिस्टीमला बसला. तासन् तास एनएसई बंद. बीएसई मात्र चालू होतं.

आता ब्रोकरपुढे पेच. ग्राहकांच्या एनएसईवर घेतलेल्या इंट्राडे पोझिशन उघड्या आहेत, साडेतीन जवळ येतायत आणि एनएसई परत कधी सुरू होणार याचा पत्ता नाही. पोझिशन रात्रभर ठेवता येत नाही, कारण पैसे उसने आहेत. एनएसईवर घेतलेलं बीएसईवर विकून हिशेब जुळवण्याची सोय तेव्हा आलेली होती. मग अनेक ब्रोकरनी ग्राहकांच्या पोझिशन बीएसईवर बंद केल्या.

आणि मग, साडेतीन वाजायला थोडाच वेळ असताना, एनएसईने जाहीर केलं की बाजार 3:45 ला पुन्हा सुरू होईल आणि 5 वाजेपर्यंत चालेल. तो सुरू झाला आणि जोरात वर गेला. सेन्सेक्स त्या दिवशी 1,000 पेक्षा जास्त अंकांनी वर बंद झाला. ज्यांची खरेदीची पोझिशन आधीच कापली गेली होती, त्यांना त्या सव्वा तासाच्या तेजीचा काही उपयोग नव्हता. ओरड खूप झाली.

यात शिकायचं काय? ब्रोकरचं घड्याळ ब्रोकरच्या धोक्यावर चालतं. तुमचा नफा कुठे आहे, भाव पुढे कुठे जाणार, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही आणि तसं असावं अशी अपेक्षाही ठेवता येत नाही. ऑटो स्क्वेअर-ऑफ हे कुंपण त्याच्या शेताचं आहे.

त्या दिवशी निदान सगळ्यांचाच बाजार बंद होता. आपल्या जव्हार-मोखाड्यात लाईट जाते आणि थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो, तेव्हा बाजार चालूच असतो. फक्त आपण त्यात नसतो. म्हणून आपल्याकडे हा विषय मुंबई-पुण्यापेक्षा जास्त गंभीर आहे.

मग करायचं काय

पहिलं, स्वतःची वेळ ठरवायची, आणि ती ब्रोकरच्या वेळेच्या निदान पंधरा-वीस मिनिटं आधीची. ब्रोकरची 3:20 असेल तर आपली 3:00. फोनमध्ये 2:50 चा अलार्म लावा, त्याला रेंज लागत नाही. पावसाळ्यात, किंवा जव्हारहून मोखाड्याला घाटातून बसने जायचं असेल, तर वेळ आणखी अलीकडे आणा. नाहीतर निघायच्या आधीच मोकळे व्हा. घाटात कोणत्या वळणाला रेंज येईल हे बसच्या कंडक्टरलाही सांगता येत नाही.

दुसरं, पोझिशन घेतल्या घेतल्या स्टॉप-लॉस ऑर्डर टाका. मनात ठरवलेला स्टॉप-लॉस रेंजबरोबर जातो. टाकलेली ऑर्डर तुमच्या फोनमध्ये राहत नाही, ती ब्रोकरमार्फत एक्सचेंजकडे गेलेली असते. फोन बंद पडला, बॅटरी संपली, टॉवर झोपला, तरी ती तिथे जागी असते. तिच्या दोन मर्यादा आहेत. भाव एकदम उडी मारून खाली गेला तर ती ठरवलेल्यापेक्षा वाईट भावाला लागू शकते, किंवा लिमिटची असेल तर लागणारच नाही. आणि स्क्वेअर-ऑफच्या वेळी ब्रोकर ती रद्द करतो. म्हणजे ती दिवसभराची राखण आहे, शेवटच्या दहा मिनिटांची नाही.

तिसरं, बाहेर पडताना क्रम पाळा. आधी ऑर्डर बुक उघडून पडून असलेला टार्गेट रद्द करा. मग पोझिशनच्या पानावर जाऊन तिथूनच `Exit` दाबा, म्हणजे संख्या आणि `MIS` हा प्रकार बरोबर भरून येतो. बाहेरून नवी विक्री टाकताना चुकून `CNC` निवडलं गेलं, तर ती ऑर्डर या पोझिशनला लागू होत नाही आणि बहुतेक वेळा नाकारली जाते. भाव चालू किमतीच्या अगदी जवळचा लिमिट ठेवा. मग ऑर्डरपुढे `COMPLETE` दिसतंय का बघा. `OPEN` असेल तर ती अजून लागलेली नाही. शेवटी पोझिशनमध्ये संख्या शून्य झाली का आणि स्टॉप-लॉस अजून पडून आहे का, दोन्ही तपासा. तो राहिला आणि नंतर लागला, तर नको असलेली नवी पोझिशन तयार होते.

चौथी गोष्ट आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची. `Exit` दाबलं, चक्र फिरत राहिलं, मग "काहीतरी चुकलं" असा मेसेज आला. हात आपोआप पुन्हा बटणाकडे जातो. थांबा. आमच्या कामात हा रोजचा धडा आहे: उत्तर आलं नाही याचा अर्थ निरोप पोचला नाही असा होत नाही. तुमची ऑर्डर गेलेली असू शकते, फक्त "झालं" हे सांगणारा निरोप परत येताना रेंजमध्ये अडकला असेल. दुसऱ्यांदा दाबलं तर 200 ऐवजी 400 विकले जातील आणि तुम्ही 200 ने उलटे उभे राहाल. 3:18 ला हे झालं तर सावरायला दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत ब्रोकरची सिस्टीमही तीच पोझिशन बंद करायला निघालेली असते. म्हणून आधी ऑर्डर बुक ताजं करा, काय गेलंय ते बघा, मगच पुढचं बटण.

पाचवं, ब्रोकरचा कॉल अँड ट्रेडचा नंबर फोनमध्ये आजच सेव्ह करा. आपल्याकडे बरेचदा डेटा मेलेला असतो, पण साधा कॉल लागतो. ब्रोकर तुमची ओळख पटवून घेतो, त्यामुळे क्लायंट आयडी पाठ असावा किंवा वहीत लिहिलेला असावा, ॲपच्या आत बंद नको. याचेही पैसे लागतात. बऱ्याच ठिकाणी ते ऑटो स्क्वेअर-ऑफइतकेच असतात. मग फरक काय? भाव आणि वेळ तुम्ही सांगता.

आणि खरेदी केलेले शेअर ठेवायचेच असतील, तर वेळेच्या आधी इंट्राडेचं डिलिव्हरीत रूपांतर करता येतं. पण त्यासाठी खात्यात पूर्ण पैसे हवेत. आपल्या उदाहरणात 10,000 वर ते होणार नाही, 50,000 लागतील. तोटा मान्य करायचा नाही म्हणून उसने पैसे आणून डिलिव्हरी घेणं हा मार्ग नव्हे.

एक आकडा सांगून थांबतो. सेबीने 2024 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2022-23 या वर्षात शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्या दर 10 पैकी 7 जणांना तोटा झाला होता. वेळेवर बाहेर पडल्याने तुम्ही उरलेल्या तिघांत जाल, असं मी म्हणत नाही. सौदा चुकीचा असेल तर तो 3:00 ला बंद केला तरी चुकीचाच.

तर जव्हारच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. रेंज गेल्यावर ब्रोकर बहुतेक वेळा तुझी पोझिशन बंद करेल. पण तो ती स्वतःला वाचवण्यासाठी बंद करेल, आणि तुला वाचवायचं काम दुपारी तीनच्या आत तुलाच उरकायला लागेल. आज बाजार सुटल्यावर ब्रोकरच्या साईटवर जा, तुझ्या प्रकारच्या सौद्याची वेळ आणि दंड शोध, आणि दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिही. प्रश्न असतील तर पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.